लिथियम, इंटरफेरॉन आणि थायरॉईड: काउंटरवर सारखे विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला वीसेक वर्षं झाली. थायरॉईडची गोळी न्यायला रोज कोणी ना कोणी येतंच. त्यातल्या काहींचा थायरॉईड आपसूक नाही, तर दुसऱ्या एखाद्या औषधामुळे बिघडलेला असतो, आणि हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. लोक रिपोर्टचे फोटो पाठवून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न लिथियमबद्दल येतात, म्हणून लिथियमवर सविस्तर लिहिलं आहे आणि बाकीची औषधं मागाहून घेतली आहेत. डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं या पानावरून कळेल.

१. लिथियम तर मनाच्या आजारासाठी दिलंय. त्याचा गळ्यातल्या थायरॉईडशी काय संबंध?

थायरॉईड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, त्यापासून हार्मोन बनवते, साठवते आणि लागेल तसं रक्तात सोडते. लिथियमही या ग्रंथीत जाऊन साठतं आणि तयार हार्मोन बाहेर सोडण्याच्या शेवटच्या पायरीवर अडथळा आणतं. गोदाम भरलेलं, पण दाराला कडी, अशी ही गत होते. रक्तात हार्मोन कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉईडला जोर लावायला सांगते. बहुतेकांची ग्रंथी हा जोर पेलते आणि काही महिन्यांत सगळं जाग्यावर येतं. काहींची ग्रंथी जोर लावता लावता सुजते, आणि गळा पुढून भरल्यासारखा दिसतो. काहींची मात्र दमते. तेव्हा जे होतं त्याला हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईड कमी पडणं म्हणतात.

२. माझ्या बहिणीला दहा वर्षं लिथियम चालू आहे, काही झालं नाही. मला वर्षात थायरॉईड झाला. असं का?

दोघींच्या ग्रंथी मुळात किती धडधाकट होत्या, यात फरक असतो. ज्यांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे अँटी-टीपीओ, आधीपासून असतात, त्यांची ग्रंथी आतून थोडी पोखरलेली असते आणि लिथियमचा भार तिला झेपत नाही. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. वय पन्नाशीकडे झुकलेलं असेल किंवा आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला थायरॉईड असेल, तरी धोका वाढतो. पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, पण पुढे कधीच होणार नाही असं समजू नका. बहिणीनेही तपासणी चालू ठेवावी.

३. कोणती तपासणी, किती दिवसांनी करायची?

लिथियम सुरू होण्याआधी टीएसएच करून घ्यावा. नंतर वाढलेला आकडा लिथियममुळे वाढला की मुळातच जास्त होता, हे या पहिल्या रिपोर्टशिवाय कळत नाही. जमलं तर त्याच रक्तात अँटी-टीपीओ एकदा करावी. ती पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. डॉक्टरांनी बोटांनी गळाही चाचपून बघितला पाहिजे.

पुढे लिथियम चालू आहे तोवर दर सहा महिन्यांनी टीएसएच करावा. प्रश्न २ मधला धोका असेल तर पहिला फेरतपास तीन महिन्यांनीच करावा. टीएसएच नेहमीच्या मर्यादेबाहेर आला, तर त्यासोबत एफटी४, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या हार्मोनची रक्तातली पातळी, लागतो. लिथियम किडनीवर आणि रक्तातल्या कॅल्शियमवरही परिणाम करू शकतं. म्हणून सहा महिन्यांच्या त्याच फेरीत क्रिएटिनिन आणि कॅल्शियम करून घ्या. एकदाच सुई टोचायची आणि तीनही गोष्टी बघून घ्यायच्या. लिथियमची स्वतःची पातळी वेगळी असते. तिच्याबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक सोपी युक्ती सांगतो. गणपती आणि शिमगा हे दोन सण ठरवून ठेवा. दोन्हींत साधारण सहा महिन्यांचं अंतर असतं. तारीख विसरते, सण विसरत नाही.

४. टीएसएच ६.२ आलाय आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलंय. लगेच गोळी सुरू करावी का?

बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास असते, थोडी इकडेतिकडे. ६.२ म्हणजे वाढलेला आहे, पण एफटी४ बरोबर असेल तर ग्रंथी अजून काम निभावते आहे. लिथियमच्या पहिल्या महिन्यांत असा थोडा चढ येऊन आपोआप उतरलेला मी अनेक फायलींत बघितला आहे. अशा वेळी सहा ते आठ आठवड्यांनी तीच तपासणी त्याच लॅबमधून पुन्हा करतात.

टीएसएच १० च्या वर गेला किंवा एफटी४ मर्यादेखाली आला, तर डॉक्टर बहुधा थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू करतात. ४ ते १० च्या मधल्या पट्ट्यात निर्णय माणूस बघून होतो. लक्षणं आहेत का, अँटिबॉडी आहेत का, गळा सुजलाय का, मूल हवंय का, आणि मनाचा आजार औषध चालू असूनही पुन्हा डोकं वर काढतोय का, हे सगळं पाहतात. शेवटचा मुद्दा लिथियमवाल्यांसाठी खास आहे. मूड सारखा घसरत असेल तर डॉक्टर १० ची वाट न बघता आधीच गोळी देऊ शकतात.

५. अंगात त्राण नाही, झोप येते, कशात मन लागत नाही. हे नैराश्य परत आलंय की थायरॉईड?

दोन्हींत हीच लक्षणं असतात, म्हणून नुसतं ऐकून सांगता येत नाही. एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे.

तासगावकडच्या एक वहिनी, वय सत्तेचाळीस. बायपोलर आजारासाठी लिथियम ३०० च्या तीन गोळ्या रोज. सुरुवातीला टीएसएच २.१, लिथियमची पातळी ०.७. तब्येत छान सुधारली, आणि सुधारली म्हणूनच सहा महिन्यांची तपासणी राहिली. द्राक्षाच्या हंगामात कोण गाव सोडून सांगलीला येणार! चौदा महिन्यांनी त्या मिस्टरांबरोबर आल्या, तेव्हा हातात नैराश्याच्या औषधाचा डोस वाढवलेली चिठ्ठी होती.

मी गोळ्या काढत होतो आणि त्या काहीतरी विचारत होत्या. आवाज ओळखू आला नाही म्हणून मी मान वर केली. घसा बसल्यासारखा जाड, सावकाश आवाज. मिस्टर म्हणाले, "फोनवर तिच्या भावालाबी वळखू आला न्हाई." मनगटावरच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. एप्रिलची दुपार, बाहेर रस्ता तापलेला, आणि वहिनींच्या अंगात स्वेटर. पोट साफ होत नाही, केस हातात येतात, हेही मग बोलण्यात आलं.

नैराश्यात माणूस थकतो, झोप बिघडते, वजनही हलू शकतं. पण त्याने आवाज जाड होत नाही, कातडी कोरडी खरखरीत होत नाही आणि एप्रिलमध्ये थंडी वाजत नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वाढवलेला डोस आज देऊ नका, आधी रक्त तपासून घेऊ. रिपोर्ट आला तो असा: टीएसएच १४.६, एफटी४ ०.७ (त्या लॅबची खालची मर्यादा ०.९), अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. लिथियमचा डोस तोच असून पातळी ०.७ वरून ०.९ झाली होती आणि क्रिएटिनिनही किंचित वाढलं होतं. थायरॉईड मंद पडला की किडनीची गाळणीही मंदावते आणि लिथियम अंगात थोडं जास्त साचू शकतं. म्हणून अशा वेळी दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतात.

नैराश्याचं औषध होतं तेवढंच ठेवलं. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू झालं. सात आठवड्यांनी टीएसएच ९.१ आला. उतरला होता, पण हवा तेवढा नाही. डोस वाढवण्याआधी मी त्यांना गोळ्यांचा डबा घेऊन यायला सांगितलं. सुपारीच्या जुन्या डब्यात सगळ्या पट्ट्या एकत्र होत्या, आणि थायरॉईडची गोळी व कॅल्शियमची गोळी त्या सकाळी एकाच घोटात दुधाच्या चहाबरोबर घेत होत्या. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या, डोस ५० च ठेवला. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.२ आला आणि लिथियमची पातळी पुन्हा ०.७ वर आली. बांगड्या सैल झाल्या, आवाज तेवढा शेवटी आला.

६. थायरॉईड लिथियममुळेच झाला, तर लिथियमच बंद करू का?

आपल्या मनाने अजिबात नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. लिथियम एकाएकी सोडलं तर आजार जोरात उलटण्याचा आणि आत्महत्येचे विचार येण्याचा धोका खरोखर असतो. थायरॉईडची कमतरता रोज एका छोट्या गोळीने भरून निघते. तुमच्या आजारावर लिथियमसारखं लागू पडणारं दुसरं औषध मिळेलच असं नाही. म्हणून लिथियम चालू ठेवून वर थायरॉक्सिन द्यायचं, हीच सर्वमान्य पद्धत आहे.

घरात कोणी आधीच गोळ्या सोडल्या असतील आणि झोप उडाली असेल, बडबड वाढली असेल किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा येत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर कुठल्याही वेळी लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

७. थायरॉईडची गोळी लिथियमबरोबर घेतली तर चालते का? चहा कधी प्यायचा?

लिथियम आणि थायरॉक्सिन एकमेकांना अडवत नाहीत. थायरॉक्सिनला अडवतात ते कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं, आणि चहा-कॉफी-नाश्ता. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि अर्धा ते एक तास काही घ्यायचं नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. ते दुपारच्या जेवणानंतर घेतले की प्रश्नच मिटतो. पहाटे धारा काढायला उठणाऱ्यांना आणि उठल्या उठल्या चहा लागणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घ्यावी. तीही चालते.

डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या आठवड्यात टीएसएच करून पैसे घालवू नका. टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.

८. लिथियमने थायरॉईड कमी होतो म्हणतात. माझा टीएसएच तर ०.०५ आलाय, म्हणजे जास्त झालाय ना?

हो, क्वचित असंही होतं. लिथियम घेणाऱ्या काहींच्या ग्रंथीला न दुखणारी सूज येते. गोदामाची भिंत फुटावी तसं साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं. हार्मोन वाढतं म्हणून टीएसएच तळाला जातो. काही आठवड्यांनी साठा संपतो, मग उलट थायरॉईड कमी पडतो, आणि बऱ्याच जणांचा पुढे पूर्ववत होतो. दुसरी शक्यता ग्रेव्हज आजाराची. त्यात ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवत असते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण हार्मोन बनणं थांबवणाऱ्या कार्बिमॅझोलसारख्या गोळ्या ग्रेव्हजमध्ये लागू पडतात, पण सांडलेल्या हार्मोनवर त्यांचा काही उपयोग नसतो. टीआरअ‍ॅब ही रक्ततपासणी आणि टेक्निशियमचा थायरॉईड स्कॅन यांवरून डॉक्टर फरक ओळखतात. सूज असेल तर स्कॅनमध्ये ग्रंथी जवळजवळ दिसतच नाही. ग्रेव्हजमध्ये ती झगझगीत दिसते. सुजेत धडधड आणि थरथर कमी करायला प्रोप्रॅनोलॉल देतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त बघतात.

हाताच्या थरथरीबद्दल मात्र सावध राहा. लिथियमने बारीक थरथर तशीही असते, थायरॉईड जास्त झाला की ती वाढते. पण थरथर ठसठशीत झाली, तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर लिथियम अंगात विषासारखं साचत असू शकतं. थायरॉईडच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. पुढचा डोस न घेता थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि लिथियम चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

९. लिथियमची पातळी करायला रक्त कधी द्यायचं? दोन लॅबमध्ये दोन आकडे आले.

रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो. बऱ्याच जणांसाठी ०.६ ते ०.८ मिलिमोल ही पातळी राखतात, पण तुमची ठरलेली पातळी डॉक्टरांनाच विचारा.

दोन लॅबच्या फरकाचं एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं. काही हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. त्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा भलताच वर येतो. पातळी एकदम जास्त आली आणि माणूस ठणठणीत असेल, तर रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं ते आधी विचारा.

थायरॉक्सिन चालू असेल तर त्या सकाळी तीही गोळी रक्त दिल्यावर घ्या. दोन्ही तपासण्या एका फेरीत होतात.

जाता जाता एक सांगतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मागायला आलेल्या माणसाला लिथियम चालू असेल, तर मी त्या गोळ्या देत नाही. त्यांनी लिथियमची पातळी वाढते. आटपाडी-जतकडच्या उन्हात घाम गाळणाऱ्यांनी पाणी आणि मीठ अचानक कमी करू नये, तेही याच कारणाने.

१०. वडिलांना हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी थायरॉईड करायला सांगितलं. का?

या गोळीत आयोडीनच भरलेलं आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं रोज सहाएक मिलिग्रॅम सुटं होऊन अंगात येतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज आहे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे चाळीसपट आयोडीन मिळतं. एवढ्या भडिमारात कोणाची ग्रंथी काम थांबवते, तर कोणाची सुसाट सुटते.

गोळीआधी टीएसएच आणि एफटी४, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी, असा क्रम ठेवतात. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडा वर जातो, तो बहुधा उतरतो. त्या काळातल्या एका आकड्यावरून घाबरू नका. हे औषध अंगातून जायला महिने लागतात, म्हणून गोळी बंद झाल्यावरही वर्षभर तपासणी चालू ठेवायची.

थायरॉईड कमी पडला तर अमिओडॅरोन चालू ठेवून थायरॉक्सिन अगदी लहान डोसाने सुरू करतात. जास्त झाला तर प्रकरण गंभीर असतं, आणि म्हाताऱ्या माणसात ते गुपचूप येतं. काबूत असलेले ठोके पुन्हा बिघडणं, वजन उतरणं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी तीच असून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, अचानक वाढणं, एवढंच दिसतं. यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

११. इंटरफेरॉन आता कोणाला देतात? त्याने थायरॉईड कसा बिघडतो?

पूर्वी हिपॅटायटिस सी साठी वर्षभर ही इंजेक्शनं चालत. आता त्यासाठी बहुधा तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा कोर्स देतात. तरी हिपॅटायटिस बी च्या काही रुग्णांना आणि रक्ताच्या काही आजारांत इंटरफेरॉन अल्फा आजही मिळतं.

लिथियम दाराला कडी घालतं, इंटरफेरॉनचा मार्ग वेगळा आहे. ते शरीराची प्रतिकारशक्ती चेतवतं आणि ती चेतलेली फौज थायरॉईडवर उलटू शकते. त्यातून कधी थायरॉईड कमी होतो, कधी ग्रेव्हज होतो, कधी प्रश्न ८ मधली सूज येते. साधारण दहा-वीस रुग्णांत एखाद्याला हा त्रास होतो. अँटी-टीपीओ आधीच पॉझिटिव्ह असेल तर शक्यता बरीच वाढते. म्हणून इंजेक्शनांआधी टीएसएच आणि अँटी-टीपीओ, चालू असताना दर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, आणि कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा.

इंटरफेरॉनने ताप, थकवा आणि उदासी तशीही येते, त्यामुळे थायरॉईडचा थकवा त्याखाली झाकला जातो. "इंजेक्शनामुळंच वाटतंय" असं म्हणून महिने जातात. बहुतेकांना कोर्स अर्धवट सोडावा लागत नाही. थायरॉईडवर सोबतच उपचार करता येतात.

१२. भावाला रेझिस्टंट टीबीची औषधं चालू आहेत. त्यातही थायरॉईड होतो म्हणे?

इथिओनामाइड किंवा पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड) असेल तर होऊ शकतो, दोन्ही एकत्र असली तर जास्तच. ही औषधं हार्मोन बनण्याच्या पायरीवरच अडथळा आणतात. कोर्सच्या आधी आणि मग दर तीन महिन्यांनी टीएसएच करावा. दिलासा असा, की औषधं संपल्यावर थायरॉईड बहुधा पूर्ववत होतो आणि थायरॉक्सिनही थांबवता येतं. टीबीची गोळी मात्र यासाठी सोडू नका.

साध्या टीबीतल्या रिफाम्पिसिनची गोष्ट वेगळी. ते थायरॉईडला इजा करत नाही, पण पोटात गेलेलं थायरॉक्सिन लवकर संपवतं. आधीपासून थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्याचा टीएसएच त्यामुळे वाढू शकतो. दोन महिन्यांनी तपासा.

१३. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीत दर वेळी थायरॉईड का करतात?

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी औषधं प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात, त्यामुळे प्रश्न ११ सारखंच होतं, फक्त जास्त वेगाने. म्हणून दर चार-सहा आठवड्यांनी टीएसएच आणि एफटी४ दोन्ही करतात. इथे एक अपवाद लक्षात ठेवा. टीएसएच कमी आणि एफटी४ ही कमी असेल, तर दोष थायरॉईडमध्ये नसून पिट्युटरीत असू शकतो. तेव्हा कॉर्टिसॉल तपासल्याशिवाय थायरॉक्सिन सुरू करत नाहीत. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी स्टेरॉइड द्यावं लागतं, नाहीतर रुग्ण कोसळू शकतो.

१४. मला काहीच त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये थायरॉईड जास्त दाखवतोय. लॅब चुकली का?

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का? त्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि काही मशीनच्या तपासणीत ते लुडबूड करतं. टीएसएच खोटा कमी आणि एफटी४ खोटा जास्त येतो. ग्रंथी ठणठणीत असते, फक्त आकडा चुकतो. गोळी किमान दोन दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त द्या. लिथियमने केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, त्यांना हे मी न विचारता सांगतो.

१५. लिथियम आणि थायरॉक्सिन दोन्ही चालू आहेत आणि दिवस गेलेत. आता?

एकही गोळी स्वतःहून थांबवू नका आणि त्याच आठवड्यात मानसोपचार डॉक्टर व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना कळवा. लिथियमचा निर्णय ते तुमच्या आजाराचा इतिहास पाहून घेतील. थायरॉक्सिनची गरज गरोदरपणात लवकरच पाव ते एक तृतीयांश वाढते, म्हणून डोस वाढवतात आणि पहिले पाच महिने दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच काळात सुरू होतात, तेव्हा प्रश्न ७ मधलं अंतर पाळा.

१६. डॉक्टरांनी लिथियम हळूहळू बंद केलं. आता थायरॉईडची गोळी सुटेल का?

काहींची सुटते. लिथियमआधीचा टीएसएच चांगला असेल आणि अँटिबॉडी नसतील, तर डॉक्टर डोस पायरीपायरीने कमी करून प्रत्येक पायरीनंतर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर गोळी बहुधा राहते. लिथियम नसतं तरी ती ग्रंथी कधी ना कधी थकलीच असती.

१७. मनाचे डॉक्टर सांगलीत, शुगरचे मिरजेत, गावचे डॉक्टर वेगळे. हे सगळं बघणार कोण?

एका शंभरपानी वहीची दोन पानं बघतात. प्रश्न ५ मधल्या वहिनींच्या मिस्टरांनी तशी वही केली आहे. डाव्या पानावर चालू औषधांची नावं, डोस आणि सुरू केल्याची तारीख. उजव्या पानावर पाच रकाने: तारीख, टीएसएच, लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, कॅल्शियम. खाली लॅबचं नाव आणि रक्त किती वाजता दिलं ते. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी वही पुढे करायची. मागच्या शिमग्याला ते एकटेच आले, वही काउंटरवर ठेवली आणि टीएसएच खाली बोट धरून म्हणाले, "तीन पॉइंट दोन, दोन पॉइंट आठ, तीन. आता सप्टेंबरला."